घरगुती डब्याचा महिनेवारी रतीब: मेनू, फेऱ्या, भरणं आणि बिल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं एका ठरावीक मापावर बेतलेली आहेत: पुण्यात कर्वेनगरमधलं घरचं स्वयंपाकघर, फक्त दुपारचा शाकाहारी डबा, सोमवार ते शनिवार, २८ गिऱ्हाइकं, हाताखाली एक मावशी आणि स्कूटरवर डबे पोहोचवणारा एक मुलगा. डब्यात तीन पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा रस्सा, भात आणि काहीतरी तोंडीलावणं. १० डब्यांना यातलं बरंच काही लागणार नाही आणि ८० डब्यांना हे पुरणार नाही. पण घरातल्या घरात, दोन-तीन माणसांत जो धंदा चालतो तो साधारण याच मापाचा असतो.

सुरुवात कुठून करायची? आधी मेनू ठरवायचा की आधी गिऱ्हाइकं शोधायची?

आधी वेळ ठरवा. उद्या किती डबे जाणार हा आकडा रोज रात्री किती वाजता पक्का होणार, ते पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. आमच्याकडे ही वेळ रात्री आठची आहे. कडधान्य किती भिजवायचं, सकाळी कणीक किती मळायची, कोणती फेरी आधी निघणार आणि महिनाअखेरीस कोणाचे किती पैसे वजा करायचे, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. ज्यांच्याकडे सकाळी साडेदहापर्यंत "आज नको हं" असे निरोप येत राहतात, त्यांचा स्वयंपाक कितीही चांगला असला तरी हिशोब कधी जुळत नाही.

आठ वाजता एक वही उघडायची. डाव्या हाताला गिऱ्हाइकांची नावं, आडव्या ओळीत १ ते ३१ तारखा. डबा जाणार असेल तर बरोबरची खूण. वेळेत कळवलेला सुटा खाडा असेल तर 'ख', सलग गावाला गेले असतील तर 'ग', आठनंतर कळवलं तर 'उ', आणि त्या दिवशी पाहुण्याचा एक जादा डबा असेल तर 'पा'. पान भरलं की खालच्या रकान्यात बेरीज लिहायची. त्यानंतर आकडा हलत नाही.

परवाने काय लागतात?

अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेची नोंदणी घरातून चालणाऱ्या धंद्यालाही लागते. छोट्या धंद्यासाठी मूळ नोंदणी असते, ती ऑनलाइन होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो बिलावर छापा. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्यावं लागतं. त्याचा खर्च डब्याच्या दरात पहिल्यापासून धरा.

मेनूचं चक्र किती दिवसांचं ठेवायचं?

बहुतेक जणी सहा दिवसांचा तक्ता करतात आणि महिन्याभरात गिऱ्हाईक म्हणायला लागतं, "गुरुवार आला की कोबी." दर वाराला एक भाजी बांधून टाकली की असंच होतं. म्हणून वाराला भाजी बांधू नका, भाजीचा प्रकार बांधा. सोमवार पालेभाजीचा, मंगळवार फळभाजीचा, बुधवार मोडाच्या उसळीचा, गुरुवार कोबी-फ्लॉवर-बटाट्याचा, शुक्रवार पिठलं, झुणका, छोले यांचा आणि शनिवार भरल्या वांग्यासारख्या थोड्या खास पदार्थाचा. प्रत्येक प्रकारात चार नावं ठेवली की चोवीस दिवस काही परत येत नाही, आणि तरी कोणत्या दिवशी काय काम असणार ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

वार असेच ठेवण्यामागे कारण आहे. रविवारी सुट्टी असते, त्यामुळे मेथी, चाकवत, लाल माठ निवडायला हात मोकळे असतात. २८ डब्यांची मेथी निवडायला दोघींचे दोन तास सहज जातात, आणि ते आठवड्यातल्या कुठल्याही रात्री काढणं जिवावर येतं. निवडलेली पालेभाजी मात्र धुऊन ठेवू नका. कोरडी करून कापडात गुंडाळा आणि सोमवारी सकाळी धुवा, नाहीतर ती काळी पडते.

बुधवारच्या उसळीची तयारी सोमवारी रात्री सुरू होते. मटकी रात्री भिजवायची, मंगळवारी सकाळी उपसून कापडात बांधायची, बुधवारी पहाटे मोड तयार असतात. डिसेंबर-जानेवारीत एवढ्या वेळात मोड येत नाहीत. तेव्हा सोमवारी सकाळीच भिजवायची आणि बांधलेलं गाठोडं गॅसच्या जवळ उबेला ठेवायचं. २८ डब्यांना सव्वा किलोच्या आसपास कोरडी मटकी लागते.

भाज्या बदलत राहते, तरी लोक "रोज तेच" म्हणतात. असं का होतं?

कारण जिभेला भाजीपेक्षा वाटण आधी कळतं. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी वाटाणा, बुधवारी वांगं, पण तिन्हींना कांदा-खोबऱ्याचं एकच वाटण असेल तर खाणाऱ्याला तीन दिवस तीच भाजी मिळाली असं वाटतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. मेनूच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

तक्त्यात भाजीच्या नावापुढे तिची चव कशावर उभी आहे ते लिहा. घरच्या स्वयंपाकात अशा पाच-सहा चवी असतात: दाण्याचं कूट घातलेली, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची, गोडा मसाला आणि आमसूल-गुळाची, टोमॅटो-आलं-लसणाची, पीठ पेरलेली, आणि नुसत्या मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत हिरव्या मिरचीवर केलेली. नियम एवढाच की लागोपाठ दोन दिवस एक चव नको, आणि एकाच डब्यात सुक्या भाजीची आणि आमटीची चव एक नको. गोडा मसाला घालून आमटी केली असेल तर त्या दिवशी भाजी फोडणीची किंवा पीठ पेरलेली करायची. हा रकाना भरल्यावर तक्त्यातले चार-पाच दिवस हलवावे लागतात. पण मग त्याच चोवीस भाज्या वेगळ्या लागायला लागतात आणि खर्च एका रुपयानेही वाढत नाही.

भाजी महागली किंवा बाजारात मिळालीच नाही तर?

प्रत्येक प्रकारात एक बदली भाजी ठरवून ठेवा आणि ती तक्त्यातच लिहा. फळभाजीच्या दिवशी गवार महाग असेल तर दुधी, पालेभाजी पावसाने चिखलाची येत असेल तर पालकाची डाळभाजी, कारण तिला पाला निम्माच लागतो. टोमॅटो भडकला की आंबटपणा आमसुलाने किंवा चिंचेने आणा. आमटीला तर तो जास्त शोभतो.

महिन्याचा मेनू आधीच छापून पाठवू नका. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचा पाठवा आणि त्यात भाजीचं नाव लिहा, पण बदली होऊ शकते हेही लिहा. चतुर्थी, एकादशी आणि श्रावणी सोमवारच्या तारखा मात्र महिना सुरू होतानाच वहीवर मांडा, कारण त्या दिवशी खाडे एकदम पाच-सहाने वाढतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी दोन-चार घरं असतात. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा त्या महिन्यांत आठवड्यातले तीन दिवस सगळ्यांनाच बिनकांद्याची भाजी ठेवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. उरलेल्या दिवशी त्यांची भाजी वाटण घालण्याआधी बाजूला काढायची.

कोणते पदार्थ डब्यासाठी टाळावेत?

ताटात चांगला लागणारा प्रत्येक पदार्थ डब्यात तग धरत नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून दिलं की तासाभरात पाणी सुटतं आणि ते पोळीपर्यंत जातं. कोशिंबीर द्यायचीच असेल तर गाजराची किंवा कोबीची द्या. भेंडी चांगली परतून कोरडी केली नसेल तर बंद डब्याच्या वाफेत परत चिकट होते. ओल्या नारळाचं वाटण एप्रिल-मेमध्ये बंद ठेवा, सुकं खोबरं भाजून वापरा. ताकातली पालेभाजी आणि कढीसुद्धा उन्हाळ्यात दुपारी एकपर्यंत जास्तच आंबट होते.

लोकांना काय आवडलं हे विचारून फारसं कळत नाही. परत आलेले डबे धुवायला टाकण्याआधी दोन मिनिटं उघडून बघा. एखादी भाजी २८ पैकी पाच-सहा डब्यांत निम्मी उरलेली दिसली तर तिच्या नावापुढे खूण करा, आणि पुढच्या फेरीतही तसंच झालं तर ती काढून टाका.

२८ डब्यांना शिधा किती काढायचा?

पोळ्या ८४ लागतात. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या ३५ पोळ्या धरा, म्हणजे पावणेतीन किलो कणकेत साधारण ९५ होतात. दहा-बारा जास्त लागतातच, कारण काही फाटतात, काही कडक होतात आणि घरचेही जेवायचे असतात. तांदूळ दीड किलो, आमटीला तूरडाळ पाऊण किलो, फळभाजी न निवडलेली साडेचार किलोच्या आसपास. तुमचा गोळा आणि तुमचा डाव वेगळा असेल, म्हणून हे आकडे आठवडाभर वजन करून स्वतःचे बनवा. डाव एकच ठेवा आणि भरणारी व्यक्तीही शक्यतो एकच ठेवा. दोन जणींनी भरलं की काही डब्यांत भाजी कमी पडते, आणि नेमका तोच डबा तक्रार करणाऱ्याकडे जातो.

फेरी कशी आखायची? जवळचे आधी की लांबचे आधी?

दोन्ही नाही. कोण किती वाजता जेवतं त्यावरून आखा. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

स्कूटरवर पुढे-मागे मिळून १४ डबे नीट बसतात, म्हणजे २८ डब्यांना दोन फेऱ्या. १४ डबे कर्वेनगर आणि वारज्याच्या बाजूला घरांमध्ये जातात, नऊ थांबे. दुसरे १४ कोथरूड, नळस्टॉप, एरंडवणे आणि डेक्कनच्या ऑफिसांमध्ये, सात थांबे. घरच्या फेरीत गाडी चालवण्याची २० मिनिटं, आणि प्रत्येक थांब्याला ३ मिनिटं धरली तर २७, एकूण ४७ मिनिटं. ऑफिसच्या फेरीत गाडीची ३५ मिनिटं, आणि लिफ्ट, वॉचमनची वही, रिसेप्शन यांमुळे थांब्याला ४ मिनिटं, म्हणजे २८. एकूण ६३ मिनिटं.

लांबचे आधी असा विचार करून पावणेबाराला ऑफिसची फेरी काढली, तर शेवटचं ऑफिस १२:४८ला होतं आणि मुलगा घरी परत येईपर्यंत एक वाजतो. मग घरांची फेरी सुरू होऊन शेवटच्या घरी डबा पोहोचायला जवळपास दोन वाजतात. आता त्या घरांत राहतं कोण? बरेचसे आजी-आजोबा, जे साडेबाराला जेवून एकला औषध घेतात. आणि ऑफिसात सव्वाबाराला पोहोचलेला डबा टेबलावर तासभर गार होत पडतो. दोन्हीकडून तक्रार.

हेच उलटं करा. घरांची फेरी साडेअकराला काढा. शेवटचं घर १२:१७ला होतं आणि मुलगा १२:२२ला परत दारात येतो. तेवढ्यात दुसरे १४ डबे भरून तयार असतात. १२:२५ला निघालं की सातवं ऑफिस १:२८ला होतं. सातही ऑफिसांची जेवणाची वेळ एक ते दीडच्या मध्ये आहे, फक्त एकला जेवणारे आधी आणि दीडला जेवणारे शेवटी येतील असा क्रम लावायचा. त्यासाठी जाताना डाव्या हाताचे थांबे घ्यायचे आणि येताना समोरच्या बाजूचे. उजवीकडे वळायला किंवा यू-टर्न घ्यायला नळस्टॉपसारख्या चौकात दरवेळी तीन-चार मिनिटं जातात, ती वाचतात.

यात आणखी एक फायदा आहे जो कागदावर चटकन दिसत नाही. स्वयंपाकही दोन घाण्यांत होतो. पहिल्या ४२ पोळ्या अकरापर्यंत, दुसऱ्या ४२ बारापर्यंत, भाताचे कुकरही दोन वेळा. त्यामुळे ऑफिसचा डबा भरल्यापासून साधारण तासाभरात हातात पडतो.

पावसाळ्यात हे वेळापत्रक पंधरा मिनिटं अलीकडे ओढा. सव्वाअकराला पहिली फेरी निघाली पाहिजे, म्हणजे कणीकही तेवढी आधी मळून झाली पाहिजे.

लांबचं नवीन गिऱ्हाईक आलं तर घ्यायचं का?

अंतर विचारू नका, त्या एका थांब्याने फेरीत किती मिनिटं वाढतात ते मोजा. एकदा स्वतः गाडीवर जाऊन बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वाढत असतील तर एका डब्यासाठी तो थांबा परवडत नाही, कारण त्याच्यापुढचे सगळे डबे पाच मिनिटं उशिरा जातात. अशा वेळी सांगायचं की त्याच इमारतीत आणखी दोघं मिळाले तर सुरू करू. बहुतेकदा ते स्वतःच दोघं शोधून आणतात. चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टचं घर असेल तर दोरीची पिशवी खाली सोडायची बोलीच करून घ्या. पेठांमध्ये राहणाऱ्यांना ती सवय असतेच.

डबे स्टीलचे घ्यावेत की वापरून फेकायचे?

महिनेवारी गिऱ्हाइकाला स्टीलचेच. गरम रस्सा प्लास्टिकच्या डब्यात घालायला मन धजत नाही, आणि रोजचे २८ डबे फेकायचे म्हणजे खर्चही अंगावर येतो. अडचण एकच, रिकामा डबा परत आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाचे दोन डबे ठेवा: आज भरलेला द्यायचा आणि कालचा रिकामा घ्यायचा. म्हणजे ५६, वर चार जादा, एकूण ६०. रिकामा डबा तयार नसेल तर दुसऱ्या दिवशीही भरलेला देता येतो, तिसऱ्या दिवशी मात्र देता येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

डब्यावर रंगाने नाव लिहू नका, महिन्याभराच्या घासणीत ते पुसतं. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देतात तसा नुसता आकडा कोरून घ्या, १ ते ३०, प्रत्येक आकड्याचे दोन डबे. झाकणावर आणि प्रत्येक पुडावर तोच आकडा हवा, नाहीतर घासल्यावर कोणाचं झाकण कोणाला बसत नाही. गिऱ्हाइकाचं नाव कोरायचं नाही, कारण गिऱ्हाइकं बदलतात. आकडा कोणाचा ते वहीत लिहायचं. फेरीचा क्रम पिशवीत ठेवायचा: पहिला थांबा सगळ्यात वर, शेवटचा तळाला. कमी तिखट असलेल्या डब्याला हिरवं रबर लावा, बिनकांद्याच्या डब्याला पिवळं. दोन रंगांच्या वर जाऊ नका, घाईत गोंधळ होतो.

डबा भरण्याचा क्रम काय असावा? पोळ्या ओल्या होतात आणि रस्सा सांडतो.

पोळ्या ओल्या होतात त्या स्वतःच्याच वाफेने. तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली की वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत पोळीवर पडते. म्हणून पोळी आधी जाळीवर किंवा सुपात टाकायची, वाफ गेली की तुपाचं किंवा तेलाचं बोट फिरवून तिन्ही एकत्र घडी घालायच्या आणि सुती फडक्यात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळून सगळ्यात वरच्या पुडात ठेवायच्या. वर्तमानपत्राचा कागद अजिबात वापरू नका, छपाईची शाई तेलकट पोळीला लागते. एफएसएसएआयनेही वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं स्पष्ट सांगितलं आहे.

रस्सा सांडतो तो पूड काठोकाठ भरल्यामुळे. दोन तृतीयांशापर्यंतच भरा आणि तो पूड सगळ्यात खाली ठेवा. मधल्या पुडात भात आणि सुकी भाजी, मध्ये वाटी. नवा डबा घेताना त्यात पाणी भरून, कडी लावून आडवा करून बघायचा. ज्याच्या काठातून थेंब येतो तो आमटीला चालत नाही. कडी सैल झाली की डबा लगेच बाजूला काढा, स्कूटरच्या एका खड्ड्यात ती निसटते.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. आमटी आणि भाजी भरताना उकळती गरम हवी, पातेलं गॅसवरच मंद आचेवर ठेवून डावाने भरायचं. साधा स्टीलचा डबा तासाभरात कोमट होतो, म्हणून पिशवीला आतून थर्मलचं अस्तर हवं आणि भरल्यापासून दोन तासांत जेवण व्हायला हवं. ही सूचना गिऱ्हाइकाला लेखी द्या. भाताकडे विशेष लक्ष द्या. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत, भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. त्यामुळे रात्रीचा भात फोडणीला टाकून डब्यात द्यायचा नाही. मसालेभातसुद्धा त्याच सकाळचा हवा.

दर कसा काढायचा, आणि खाड्याचे पैसे कापायचे का?

या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र घेते. समजा डब्याचा दर ९० रुपये आहे. त्याची फोड अशी धरू: किराणा आणि भाजी ४२, गॅस ६, मावशींचा पगार १४, पोहोचवणं १२, साबण-बटर पेपर-डब्यांची झीज ३. हे झाले ७७, तुमच्या हातात १३ उरतात. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, पण फोड याच पद्धतीने करा.

आता एका माणसाने एका दिवसाचा खाडा कळवला. त्याचे ९० रुपये तुम्ही वजा केले. वाचलं काय? ४२चा शिधा, थोडा साबण आणि कागद, म्हणजे साधारण ४५ रुपये. गॅस तेवढाच जळतो, मावशींना आणि मुलाला महिन्याचा पगार तोच द्यायचा असतो. उरलेले ४५ तुमच्या खिशातून गेले. २८ गिऱ्हाइकांचे महिन्याला तीन-तीन खाडे झाले तर ८४ खाडे, आणि ८४ गुणिले ४५ म्हणजे ३,७८० रुपये. घरगुती धंद्यात बऱ्याच जणींचा नफा असा महिनाअखेरीच्या वजाबाकीत जातो.

उलट, खाड्याचे पैसे अजिबात कापायचेच नाहीत हेही मला पटत नाही. न खाल्लेल्या जेवणाचे पूर्ण पैसे घेतले तर गिऱ्हाईक दुखावतं आणि ते बरोबरच आहे. म्हणून मधला मार्ग. सुटा खाडा आठच्या आत कळवला तर अर्धा दर वजा, ४५ रुपये. सलग तीन दिवस किंवा जास्त गावाला जाणार असतील आणि आधी कळवलं तर पूर्ण दर वजा, कारण तेवढ्या दिवसांत त्या जागी पाहुण्यांचे किंवा सुटे डबे घेता येतात. आठनंतर कळवलेल्याचं काहीच वजा नाही, पण डबा हवा असेल तर येतोच. दवाखाना किंवा घरात अशुभ घडलं असेल तर नियम बाजूला ठेवायचा, त्याला वही लागत नाही.

प्रत्यक्ष बिल कसं करायचं?

पैसे आगाऊ घ्या, आणि गेल्या महिन्याचे खाडे पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करा. असं केलं की कोणाला पैसे परत द्यावे लागत नाहीत आणि उधारी साचत नाही.

एक बिल करून बघू. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या ओळीत दोन 'ख', चार 'ग', एक 'उ' आणि एक 'पा' आहे. पाहुण्याचा डबा १०० रुपयांना. येत्या महिन्यात सणाची एक सुट्टी धरून २५ डबे होणार आहेत. २५ डब्यांचे २,२५०. त्यातून सुट्या खाड्यांचे ९० आणि गावाला गेलेल्या दिवसांचे ३६० वजा, पाहुण्याचे १०० अधिक. बिल १,९०० रुपये. 'उ'चं काही नाही.

वहीऐवजी कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर तक्ता ठेवत असाल तर हीच बेरीज एका ओळीच्या सूत्राने होते. बी रकान्यात पुढच्या महिन्याचे डबे आणि सी पासून पुढे ३१ तारखा आहेत असं धरलं, तर पाचव्या ओळीतल्या गिऱ्हाइकासाठी:

```
=B5*90-COUNTIF(C5:AG5,"ख")*45-COUNTIF(C5:AG5,"ग")*90+COUNTIF(C5:AG5,"पा")*100
```

अक्षरानंतर चुकून मोकळी जागा पडली की ते मोजलं जात नाही, म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीन ओळी हाताने पडताळून बघा.

बिल २८ तारखेला व्हॉट्सॲपवर पाठवायचं आणि त्यात नुसती रक्कम नको, खाड्यांच्या तारखा लिहायच्या. "१,९०० द्या" असं लिहिलं की वाद होतो, "खाडे: ६ आणि १९, गावाला: ११ ते १४, पाहुणा: २३" असं लिहिलं की लोक तारखा वाचून गप्प पैसे पाठवतात. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात डब्याचा आकडा लिहायला सांगा. पैसे बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर सुनेच्या खात्यातून येतात आणि नावावरून पत्ता लागत नाही.

पैसे वेळेवर न देणाऱ्यांचं काय?

तीन तारखेपर्यंत मुदत, चार तारखेला एक आठवण, आणि पैसे आले नाहीत तर सहा तारखेपासून डबा थांबतो. हे पहिल्या दिवशी लेखी दिलेलं असलं की सांगताना संकोच वाटत नाही. पगार सात तारखेला होणारी काही मंडळी असतात. त्यांचा महिना ८ ते ७ असा धरून टाका, पण अशी दोनच गटांची सोय ठेवा. प्रत्येकाचा महिना वेगळ्या तारखेला सुरू झाला तर रोज कोणाचं तरी बिल काढत बसावं लागतं.

कोणी महिन्याच्या मध्येच बंद केलं तर?

खाल्लेल्या डब्यांचे पूर्ण पैसे घेऊन उरलेले परत करा, पण आठ दिवस आधी कळवण्याची अट ठेवा, म्हणजे जागा भरायला वेळ मिळतो. स्टीलच्या दोन डब्यांची अनामत सुरुवातीला वेगळी घेतलेली असते. ती बिलात कधीच वळती करू नका. दोन्ही डबे, सगळे पूड, झाकणं आणि आतली वाटी कोरलेल्या आकड्याप्रमाणे हातात आली की त्याच दिवशी अनामत परत पाठवा आणि वहीत त्या आकड्यापुढे तारीख टाका. एखादा पूड हरवला असेल तर त्याची दुकानातली किंमत तेवढी कापा. आणि तो आकडा नव्या गिऱ्हाइकाला देण्याआधी डबा एकदा पाणी भरून, आडवा करून तपासून घ्या.